साखर चालेल, शुगर-फ्री नको

आमचा भाचा सहावीत आहे आणि हाती लागेल ते वाचतो. वाण्याने पुडी बांधलेला कागद, औषधाच्या डबीतली घडीची चिठ्ठी, बसच्या तिकिटाची मागची बाजू, काहीही. पुदिन्याच्या शुगर-फ्री गोळ्या ही त्याची आवडती चीज. दात किडत नाहीत म्हणून त्याच्या आईचीही फारशी हरकत नसते. त्या पाकिटाच्या मागच्या बाजूला, घटकांच्या यादीखाली, बारीक अक्षरांत एक ओळ असते. ती त्याने एकदा अक्षर अक्षर लावून वाचली आणि तडक माझ्याकडे आला. मी रुग्णालयाच्या जीवरसायन प्रयोगशाळेत बरीच वर्षं काम केलं आहे, त्यामुळे घरातले असले प्रश्न माझ्याकडेच येतात.

“अगं आत्या, यावर लिहिलंय नॉट रेकमेंडेड फॉर फिनाइलकीटोन्युरिक्स. म्हणजे कोण? मी आहे का तो?”

त्याच्या आवाजात खरी काळजी होती. पाकीट अर्धं संपलेलं होतं.

मी म्हटलं, तू नाहीस. तसा असतास तर आज मला हे वाचून दाखवणं तुला कदाचित जमलं नसतं. किंवा फिनाइलकीटोन्युरिया हा आजार तुझ्या जन्मानंतर दहा-पंधरा दिवसांत आम्हाला कळला असता, आणि मग हा शब्द तुला तुझ्या नावाइतका पाठ असता.

डॉक्टर या आजाराला थोडक्यात पीकेयू म्हणतात. आपण जी प्रथिनं खातो ती पोटात फुटून त्यांची वीसेक प्रकारची अमिनो आम्लं होतात. त्यातलं एक फिनाइलअ‍ॅलॅनिन. हे विष नव्हे. ते शरीराला लागतंच, आणि शरीराला ते तयार करता येत नाही, अन्नातूनच घ्यावं लागतं. मात्र आपण खातो त्यातला थोडाच भाग बांधकामाला लागतो. उरलेल्याचं यकृतातलं एक विकर टायरोसिन नावाच्या दुसऱ्या अमिनो आम्लात रूपांतर करतं. पीकेयू असलेल्या मुलात हे विकर जन्मतःच नसतं किंवा अगदी क्षीण असतं. नळ चालू आणि मोरी तुंबलेली, अशी गत होते. रक्तातलं फिनाइलअ‍ॅलॅनिन निरोगी माणसात एका डेसिलिटरला साधारण 1 ते 2 मिलिग्रॅम असतं. उपचार न झालेल्या मुलात ते 20 मिलिग्रॅमच्या वर जातं. एवढं फिनाइलअ‍ॅलॅनिन वाढत्या मेंदूला सोसत नाही. बाळ जन्मतं तेव्हा छान असतं, कारण पोटात असताना आईचं यकृत त्याचंही काम करत असतं. दूध सुरू झालं की रक्तातली पातळी चढू लागते आणि पुढच्या काही महिन्यांत बाळ मागे पडू लागतं. मान उशिरा धरतं, बोलत नाही, फिट्स येतात. तोवर झालेलं नुकसान बहुतांशी भरून येत नाही.

“पण मग गोळीत प्रथिनं कुठेत?” त्याने पाकीट उलटं करून पोषणाचा तक्ता माझ्यासमोर धरला. “हे बघ, प्रोटीन शून्य.”

त्याचा प्रश्न अगदी वर्मावर होता, आणि ती बारीक ओळ छापावी लागते ती नेमकी याच कारणासाठी. गोळी गोड लागते ती अ‍ॅस्पार्टेममुळे. हा पदार्थ साखरेच्या जवळजवळ दोनशेपट गोड. 1965 साली अमेरिकेतल्या सर्ल या औषध कंपनीत जेम्स श्लॅटर नावाचे रसायनशास्त्रज्ञ पोटातल्या अल्सरवरच्या औषधाच्या कामात होते. कागद उचलण्यासाठी त्यांनी बोट ओलं केलं, ते गोड लागलं, आणि हातावर कोणती पूड उडाली होती याचा माग काढल्यावर अ‍ॅस्पार्टेम सापडलं. त्याची घडण साधी आहे: दोन अमिनो आम्लं एकमेकांना जोडलेली आणि एका टोकाला मिथाइलचा छोटा गट. त्या दोन आम्लांपैकी एक अ‍ॅस्पार्टिक आम्ल आणि दुसरं आपलं फिनाइलअ‍ॅलॅनिन. पोटात गेल्यावर हे तुकडे सुटे होतात. वजनाने पाहिलं तर 100 मिलिग्रॅम अ‍ॅस्पार्टेममधून सुमारे 56 मिलिग्रॅम फिनाइलअ‍ॅलॅनिन निघतं. तक्त्यात मात्र प्रथिनांच्या रकान्यात शून्यच दिसतं, कारण इतकी बारीक मात्रा ग्रॅमच्या हिशेबात धरलीच जात नाही. तेव्हा ज्याला ही माहिती हवी त्याला ती पाकिटावर त्या एका ओळीखेरीज कुठेच मिळत नाही. म्हणून आपल्या देशातल्या अन्नसुरक्षा नियमांनी अ‍ॅस्पार्टेम घातलेल्या पदार्थावर ही सूचना सक्तीची केली आहे. अमेरिकेत आणि युरोपातही अशाच अर्थाची ओळ छापावी लागते.

भाचा थोडा वेळ गप्प बसला. मग उठून स्वयंपाकघरात गेला. फ्रिज उघडल्याचा आवाज आला आणि तो दुधाची पिशवी घेऊन परत आला.

“यावर तर काहीच लिहिलेलं नाही. दुधात प्रथिनं असतात ना? मग दुधावर का नाही?”

हा प्रश्न मोठ्या माणसांनाही सहसा सुचत नाही. दुधात फिनाइलअ‍ॅलॅनिन भरपूर असतं. 200 मिलिलिटरच्या पेल्यात 300 मिलिग्रॅमच्या आसपास. अंड्यातही जवळपास तेवढंच. सूचना छापणं हे फक्त प्रमाणावर ठरत असतं, तर ती सगळ्यांत आधी दुधावर, डाळीवर, अंड्यावर आली असती. पण पीकेयू असलेल्या मुलाच्या आईला दूध, डाळ, मासे, पनीर, दाणे चालत नाहीत हे पहिल्याच आठवड्यात शिकवलेलं असतं. ते पदार्थ उघड शत्रू, ते ओळखता येतात. आणि याच आईला असंही सांगितलेलं असतं की साखर, गूळ, मध, तूप, तेल आणि साखरेच्या साध्या गोळ्या बिनधास्त द्या, कारण त्यांत प्रथिनं जवळजवळ नसतातच. भूक भागवायला आणि लाड करायला तिच्या हाती एवढंच उरतं. आता तीच आई दुकानात गोळ्यांची दोन पाकिटं पाहते, दोन्ही पुदिन्याची, दोन्ही पांढरी. साखरेची तिच्या मुलाला चालते. जिला बाकीचं जग जास्त आरोग्यदायी समजतं, ती शुगर-फ्री नेमकी चालत नाही. ती ओळ नसती तर हे तिला कळायला काही मार्ग नव्हता.

हे भाच्याला पटलं, पण पुरतं नाही. एका गोळीने असं काय होणार, हा त्याचा पुढचा प्रश्न. मग आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो आणि एका मुलाचा दिवस मांडला. मुलगा त्याच्याच वयाचा, पीकेयूचा तीव्र प्रकार असलेला, आणि रक्ततपासण्यांवरून डॉक्टरांनी त्याला दिवसाला 300 मिलिग्रॅम फिनाइलअ‍ॅलॅनिनची मर्यादा घालून दिलेली. प्रत्येक मुलाची मर्यादा वेगळी असते. तीव्र प्रकारात ती बहुधा 200 ते 500 मिलिग्रॅमच्या मध्ये कुठेतरी असते. हिशेबाला सोपं म्हणून 1 ग्रॅम प्रथिनात 50 मिलिग्रॅम फिनाइलअ‍ॅलॅनिन धरतात. म्हणजे या मुलाला अन्नातून दिवसभरात सहा ग्रॅम प्रथिनं. त्याच्या वयाचा आपला मुलगा चाळीस ग्रॅम सहज खातो.

आता पोळी. 35 ग्रॅम कणकेची एक पोळी म्हणजे सुमारे चार ग्रॅम प्रथिनं, म्हणजे 200 मिलिग्रॅम. एका पोळीत दिवसाचा दोन तृतीयांश कोटा संपला. उरलेल्या शंभरात 30 ग्रॅम तांदळाचा भात बसतो, की संपलं. वरण नाही, दही नाही, उसळ नाही. मग हे मूल जगतं कशावर? फळांवर, मोजून दिलेल्या भाज्यांवर, तूप-साखरेवर आणि प्रथिनं काढून टाकलेल्या खास पिठांवर. आपल्याकडचा साबुदाणा इथे फार उपयोगी पडतो. तो जवळजवळ निव्वळ पिष्ट असतो, त्यात प्रथिनं नावालाच. दाण्याचं कूट न घालता, तुपात जिरं आणि मोजका बटाटा घालून केलेली खिचडी या मुलाला पोटभर खाता येते. आणि वाढीसाठी जी प्रथिनं लागतातच, ती फिनाइलअ‍ॅलॅनिन वगळून बाकीची सगळी अमिनो आम्लं असलेल्या भुकटीतून मिळतात. दिवसातून तीन-चार वेळा ती पाण्यात कालवून प्यायची. तिला उग्र वास येतो, चव कडवट असते, आणि ती महाग असते. मुलं तोंड वाकडं करतात. तरी ती रोज प्यावी लागते, मोठं झाल्यावरही.

“आता यात माझी गोळी घाल,” भाचा म्हणाला.

घातली. एका गोळीत 10 मिलिग्रॅम अ‍ॅस्पार्टेम धरलं तर त्यातून साडेपाच मिलिग्रॅमच्या आसपास फिनाइलअ‍ॅलॅनिन निघतं. एकाने काही बिघडत नाही हे खरंच आहे, आणि ते मी त्याला लपवलं नाही. पण भाचा एक गोळी खाऊन थांबत नाही. त्याने दुपारभरात दहा खाल्ल्या तर 55 मिलिग्रॅम झाले, म्हणजे हिशेबातल्या मुलाची पाव पोळी गेली. डाएट कोलाच्या एका कॅनमध्ये 180 मिलिग्रॅमपर्यंत अ‍ॅस्पार्टेम असू शकतं. त्यातून 100 मिलिग्रॅम फिनाइलअ‍ॅलॅनिन, म्हणजे दिवसाचा एक तृतीयांश कोटा एका थंड पेयात. आणि मेख अशी आहे की सूचनेत किती हे लिहिलेलं नसतं, आहे एवढंच लिहिलेलं असतं. बाकी सगळं ग्रॅमवर तोलणाऱ्या आईला इथे तोलायला काही मिळत नाही. म्हणून ती अ‍ॅस्पार्टेमचा पदार्थ थोडा थोडा देत बसत नाही, सरळ बंद करते. माझ्या मते तिचं बरोबर आहे, आणि पाकिटावर प्रमाणही छापलं पाहिजे.

मग घरात धाड पडली. आजोबांच्या चहात टाकायच्या गोळ्यांची डबी निघाली, एक च्युइंगगम निघालं, औषधांच्या खणातून संत्र्याच्या चवीची चघळायची गोळी निघाली. तिन्हींवर काय शोधायचं ते मी त्याला सांगितलं होतं. अ‍ॅस्पार्टेमचं नाव नसेल तर 951 हा क्रमांक. 962 असेल तर अ‍ॅस्पार्टेम आणि अ‍ॅसेसल्फेम या दोहोंचा संयुक्त क्षार, म्हणजे तोही त्याच घरातला. आजोबांच्या डबीवर 951 निघाला, च्युइंगगमवरही. चघळायच्या गोळीच्या पट्टीवर गोडी कशाची हे नव्हतंच, आतली घडीची चिठ्ठी उलगडावी लागली. औषधं ही खरी अडचणीची जागा आहे. लहान मुलांची चघळायची आणि पाण्यात विरघळणारी औषधं बरेचदा अ‍ॅस्पार्टेमने गोड केलेली असतात. सुक्रालोज म्हणजे 955, स्टेव्हिया म्हणजे 960, यांच्यात फिनाइलअ‍ॅलॅनिन नसतं, त्यामुळे ते घातलेल्या पदार्थांवर ही ओळ नसते. शुगर-फ्री म्हणजे अ‍ॅस्पार्टेमच असं नाही. पाकीट वाचल्याशिवाय कळत नाही.

त्याच शोधात त्याला दुसरी ओळ सापडली: नॉट रेकमेंडेड फॉर चिल्ड्रन. “ही तर माझ्यासाठी आहे!” होय, ती त्याच्यासाठी आहे, पण तिचं कारण निराळं. कृत्रिम गोडी असलेल्या पदार्थांवर आपल्याकडे ही सरसकट सूचना असते. मुलांचं वजन कमी असल्याने तेवढ्याच गोळ्यांत दर किलोमागे जास्त मात्रा जाते. जागतिक आरोग्य संघटना आणि संयुक्त राष्ट्रांची अन्न संघटना यांच्या संयुक्त समितीने अ‍ॅस्पार्टेमची रोजची मर्यादा दर किलो वजनाला 40 मिलिग्रॅम ठेवली आहे. 2023 मध्ये कर्करोगाच्या शंकेवरून बराच गाजावाजा झाला, तेव्हाही समितीने ती बदलली नाही. तीस किलोच्या मुलाला ही मर्यादा 1200 मिलिग्रॅम पडते, म्हणजे आमच्या हिशेबातल्या 120 गोळ्या. भाच्याला 120 गोळ्यांनी गाठायची ती मर्यादा, आणि पीकेयूच्या मुलाला एकेक गोळी हिशेबात धरायची. त्याच पाकिटावरच्या दोन ओळी, पण दोघींचा धाक सारखा नाही.

“पण हे कळलं कोणाला? म्हणजे, पहिल्यांदा?”

एका आईमुळे कळलं. नॉर्वेच्या बोर्गनी एगेलँड या बाईंची दोन्ही मुलं, सहा-सात वर्षांची लिव्ह आणि चार वर्षांचा डाग, जन्मताना धडधाकट होती आणि पुढे मतिमंद झाली. मुलांच्या अंगाला एक विचित्र कुबट वास येतो, असं ही बाई प्रत्येक डॉक्टरला सांगत राहिली आणि कोणी मनावर घेत नव्हतं. 1934 मध्ये ती ऑस्लोत डॉ. आस्ब्योर्न फॉलिंग यांच्यापर्यंत पोचली. ते डॉक्टर तर होतेच, शिवाय रसायनशास्त्र शिकलेले होते. त्यांनी मुलांच्या लघवीत फेरिक क्लोराइडचे थेंब टाकले. मधुमेही रुग्णांच्या लघवीतले कीटोन पाहायची ही नेहमीची चाचणी, तिचा रंग तांबूस-तपकिरी यायचा. इथे गर्द हिरवा आला. औषधांमुळे असेल म्हणून त्यांनी मुलांची औषधं थांबवायला सांगितली आणि पुन्हा तपासलं. पुन्हा हिरवाच. मग त्यांनी तो हिरवा रंग देणारा पदार्थ शुद्ध स्वरूपात वेगळा काढला. ते निघालं फिनाइलपायरूव्हिक आम्ल, वाट तुंबलेल्या फिनाइलअ‍ॅलॅनिनचंच एक रूप. नंतर त्यांनी मतिमंद मुलांच्या संस्थांमधून 430 जणांची लघवी तपासली आणि आणखी आठ जण सापडले. लिव्ह आणि डाग यांना मात्र या शोधाचा काही उपयोग झाला नाही, तेव्हा उपचारच नव्हता.

उपचार आला तो इंग्लंडमध्ये, बर्मिंगहॅमच्या मुलांच्या रुग्णालयात, आणि तिथेही एक आईच हटून बसली होती. माझ्या मुलीसाठी काहीतरी करा, असं म्हणत ती रोज डॉ. हॉर्स्ट बिकेल यांच्याकडे यायची. 1951 मध्ये बिकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुधातल्या प्रथिनांची अमिनो आम्लं करून ती कोळशातून गाळली. कोळसा फिनाइलअ‍ॅलॅनिन धरून ठेवतो. त्या मिश्रणावर ठेवलेली शीला नावाची दोन वर्षांची मुलगी काही महिन्यांत उभी राहू लागली, डोकं आपटायची थांबली. हा आहाराचाच परिणाम आहे ना, हे पाहायला त्यांनी आईला न सांगता तिच्या आहारात फिनाइलअ‍ॅलॅनिन परत घातलं, आणि काही दिवसांतच मुलगी पुन्हा ढासळली. आजच्या नियमांनी असा प्रयोग कोणी करू देणार नाही. पण आजचा सगळा आहारोपचार त्यावर उभा आहे.

उरला प्रश्न वेळेचा. वास येईपर्यंत थांबलं तर उशीर झालेला असतो. अमेरिकेतल्या बफलो इथले सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रॉबर्ट गथ्री यांच्या भाचीलाच पीकेयू होता आणि निदान उशिरा झालं होतं. त्यांनी बाळाच्या टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबावर चाचणी बसवली. 1960 च्या दशकात ती अमेरिकेत पसरली. आज यंत्रं बदलली आहेत, पण गथ्री यांचा कागद तोच आहे.

तसा एक कोरा कागद माझ्याकडे होता, तो मी भाच्याला दाखवला. जाड टीपकागदासारखा, त्यावर तुटक रेषांची वर्तुळं. बाळाची टाच कोमट करायची, टाचेच्या मधोमध नव्हे तर कडेला टोचायचं, पहिला थेंब पुसून टाकायचा आणि दुसरा मोठा थेंब एकाच स्पर्शात वर्तुळावर टेकवायचा. रक्त मागच्या बाजूने तेवढंच गोल दिसलं तर नमुना चांगला. एकावर एक थेंब टाकले, किंवा वर्तुळ अर्धंच भरलं, तर आकडा चुकतो आणि बाळाला परत बोलवावं लागतं. मग कागद आडवा ठेवून उन्हापासून दूर तीन-चार तास वाळवायचा. जन्मल्या जन्मल्या घेतलेलं रक्तही फसवतं, कारण तोवर बाळ दूध प्यायलेलं नसतं आणि पातळी चढलेली नसते. म्हणून 24 तास उलटल्यावर आणि शक्यतो 72 तासांच्या आत.

“माझी टाच टोचली होती?” त्याने बूट काढून टाच पाहिली. अकरा वर्षांनी तिथे काय दिसणार! पण त्याच्या आईला फोन करून आम्ही विचारलं, आणि टोचली होती.

प्रत्येक बाळाची टोचली जात नाही. युरोपातल्या बहुतेक देशांत ही तपासणी सगळ्या बाळांची होते. आपल्याकडे गोव्याने 2008 मध्ये सरकारी रुग्णालयांतल्या बाळांसाठी ती सुरू केली होती. देशभर सर्व बाळांसाठी ती अजून नाही. बऱ्याच मोठ्या रुग्णालयांत होते, अनेक ठिकाणी पालकांनी मागितली तरच होते. पीकेयू भारतात युरोपच्या मानाने कमी आढळतो, हे खरं. पण त्याच रक्ताच्या थेंबात जन्मजात थायरॉइडची कमतरता कळते. ती आपल्याकडे बरीच जास्त आढळते, तीही मेंदूचं तसंच नुकसान करते, आणि रोजच्या एका स्वस्त गोळीने ते टळतं.

तुमच्या घरी किंवा नात्यात बाळ येणार असेल तर प्रसूतीआधीच रुग्णालयात विचारून ठेवा: टाचेच्या रक्ताची तपासणी इथे होते का, त्यात कोणते आजार पाहतात, आणि निकाल कोण कळवणार. होत नसेल तर कुठे होते तेही विचारा. आणि वाढदिवसाला आलेल्या एखाद्या मुलाची आई म्हणाली, “त्याला शुगर-फ्री देऊ नका, साखरेची गोळी चालेल,” तर तिच्याशी वाद घालू नका. साखरेची द्या.